ट्रॉन्डहाइमला डिसेंबरात दिवस नक्की किती तासांचा? माझे गणित अर्ध्या तासाने चुकते आहे

पौडरस्ता
नमस्कार. मी कोथरूडला राहतो आणि येत्या ऑगस्टमध्ये दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे जाणार आहे. तेथील हिवाळ्यातल्या दिवसाविषयी मला तीन वेगवेगळ्या माणसांनी चार तास, साडेचार तास आणि सात तास असे तीन आकडे सांगितले, म्हणून मी स्वतःच हिशोब करायला बसलो. शाळेतल्या त्रिकोणमितीच्या बळावर हे सूत्र वापरले:

```
cos H = − tan φ × tan δ
दिवसाची लांबी = 2H ÷ 15 तास
```

यात φ म्हणजे गावाचा अक्षांश, δ म्हणजे त्या दिवशीची सूर्याची क्रांती, अर्थात तो खगोलीय विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते, आणि H म्हणजे भर दुपारपासून सूर्यास्तापर्यंत सूर्य जितका सरकतो तो कोन. ट्रॉन्डहाइमचा अक्षांश ६३.४३ अंश असल्याने त्याचा टॅन जवळपास नेमका २ येतो, त्यामुळे हिशोब तोंडीसुद्धा करता आला. २१ डिसेंबरला क्रांती उणे २३.४४ अंश धरली तर H २९.८७ अंश येतो आणि दिवस ३ तास ५९ मिनिटांचा निघतो. पंचांगांच्या संकेतस्थळांवर मात्र सूर्योदय १०:०१ आणि सूर्यास्त १४:३१, म्हणजे बरोबर साडेचार तास दाखवतात. हाच हिशोब पुण्यासाठी केला तर १० तास ५३ मिनिटे येतात आणि प्रत्यक्षात ११ तास १ मिनिट आहेत. पुण्याला आठ मिनिटांची चूक आणि तिथे तीस मिनिटांची, हे कसे?

दुसरा प्रश्न खोलीचा आहे. दोन खोल्या समोर आहेत. पहिली दुसऱ्या मजल्यावर असून खिडकी दक्षिणेला आहे, परंतु समोर रस्त्यापलीकडे पाच मजली इमारत आहे. दुसरी पाचव्या मजल्यावर आहे, समोर मोकळे आहे, पण खिडकी पश्चिमेला आहे. हिवाळ्यात कोणत्या खोलीत ऊन येईल?

ध्रुवमत्स्य
गणित चुकलेले नाही, फक्त तुमचे सूत्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. सूर्याच्या बिंबाचा मध्य भूमितीच्या क्षितिजाला कधी टेकतो, एवढेच ते सांगते. पंचांगातला सूर्योदय मात्र बिंबाची वरची कड डोळ्यांना दिसते त्या क्षणाला धरतात. बिंबाची त्रिज्या १६ कला आहे, आणि क्षितिजापाशी हवेतून येणारा किरण वाकल्यामुळे सूर्य सरासरी ३४ कला वर उचललेला दिसतो. दोन्ही मिळून ५० कला, म्हणजे ०.८३ अंश. उगवता सूर्य आपण पाहतो तेव्हा तो संपूर्णपणे क्षितिजाखालीच असतो, ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला स्वतःलाही पटायला वेळ लागला होता.

ही ५० कलांची सवलत पुण्याला आणि ट्रॉन्डहाइमला सारखीच मिळते, फरक सूर्य चढतो त्या वाटेत आहे. सिंहगडावर आतकरवाडीच्या पायवाटेने गेलो तर थोडे चालून बरीच उंची मिळते आणि गाडीरस्त्याने तेवढ्याच उंचीसाठी कितीतरी अधिक अंतर जावे लागते. पुण्याचा सूर्य पायवाटेने चढतो, त्यामुळे ५० कला चढायला त्याला जेमतेम चार मिनिटे लागतात. ट्रॉन्डहाइमचा डिसेंबरातला सूर्य क्षितिजाला घासत तिरका जातो आणि त्याच ५० कलांना त्याला सव्वापंधरा मिनिटे लागतात. सकाळचे पंधरा आणि संध्याकाळचे पंधरा मिळून तुमचा अर्धा तास झाला. सूत्रात हा बदल करून पाहा:

```
cos H = (sin(−0.833°) − sin φ × sin δ) ÷ (cos φ × cos δ)
```

आता H ३३.७३ अंश येईल आणि दिवस साडेचार तासांचा होईल. मात्र त्या आकड्यातल्या मिनिटांवर फार भिस्त ठेवू नका. ३४ कला हा सरासरी हवेचा आकडा आहे. बर्फाळ जमिनीवर थंड हवेचा थर साचला की किरण अधिक वाकतो, आणि सूर्याची वाट इतकी तिरकी असताना त्याने काही मिनिटांचा फरक सहज पडतो. शिवाय हे सारे सपाट क्षितिज गृहीत धरून आहे. दक्षिणेला टेकडी असेल तर हिशोब टेकडीचा करावा लागतो.

फ्योर्डकाठी
मी ट्रॉन्डहाइमला सहा हिवाळे काढले आहेत, मूळची सहकारनगरची. वरचे स्पष्टीकरण उत्तम आहे, आता सात तासांचा आकडा कुठून आला ते सांगते. तोही खोटा नाही. सूर्य मावळल्यावर पुण्यात पंचवीस मिनिटांच्या आत दिवे लावावे लागतात. इथे तो ज्या तिरक्या वाटेने येतो त्याच वाटेने खाली जातो, त्यामुळे मावळल्यावरही सव्वा तासाच्या आसपास रस्त्यावरची पाटी वाचता येईल इतका संधिप्रकाश राहतो, आणि सकाळीही तसेच होते. पावणेनऊच्या सुमारास उजाडू लागते आणि पावणेचारपर्यंत काळोख पडलेला नसतो. साडेचार तास सूर्याचे आणि सात तास उजेडाचे, असे दोन आकडे वेगळे ठेवावेत. ढगाळ दिवशी यातले काहीही लागू पडत नाही आणि आमच्याकडे ढगाळ दिवस पुष्कळ असतात.

खरी अडचण तासांची नसून उंचीची आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अवघा ३ अंश वर असतो. हात ताणून समोर दोन बोटे आडवी धरा, साधारण तेवढाच. पहिल्या हिवाळ्यात मी वसतिगृहाच्या अंगणात उभी होते आणि समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काचा नारिंगी झाल्या होत्या, पण अंगणात सूर्याचा मागमूस नव्हता. ऊन पाहण्यासाठी मला चढावर चालत जावे लागले.

बापूसाहेब_७२
चि. पौडरस्ता, अभिनंदन आणि आशीर्वाद. एक गोष्ट ध्यानात ठेव, म्हणजे डिसेंबरात धीर सुटणार नाही. मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होते आणि त्या दिवसापासून दिवस तिळातिळाने वाढतो, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. म्हणजे तुला १४ जानेवारीपर्यंतच कळ काढायची आहे. मी रोज पहाटे पर्वतीला जातो आणि संक्रांतीपर्यंत उजाडायला उशीर होत जातो, हे मी चाळीस वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. संगणकातल्या आकड्यांपेक्षा मी त्यावर विश्वास ठेवतो.

रात्रपाळी
बापूसाहेब, उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरला सुरू होते. संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाची, आणि पृथ्वीचा अक्ष सावकाश फिरत असल्याने, म्हणजे अयनचलनामुळे, ती आता तीन आठवडे मागे राहिली आहे. त्यामुळे तुमचे निरीक्षण चुकीचे आहे.

ध्रुवमत्स्य
रात्रपाळी, पहिली दोन वाक्ये बरोबर, तिसरे नाही. बापूसाहेबांचे निरीक्षण अचूक आहे, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धा आहे. पुण्यात २१ डिसेंबरला सूर्य ७:०२ ला उगवतो आणि १४ जानेवारीला ७:१० च्या आसपास, म्हणजे पहाट खरोखरच मागे जात असते. संध्याकाळ मात्र त्याच काळात ६:०३ वरून ६:१७ पर्यंत लांबते. पर्वतीला संध्याकाळी जाणाऱ्या माणसाने नेमके उलटे सांगितले असते. त्या दिवसांत एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा सूर्याचा दिवस २४ तासांपेक्षा सुमारे अर्ध्या मिनिटाने मोठा असतो, त्यामुळे संपूर्ण दिवसच घड्याळात रोज थोडा पुढे सरकतो. पुण्यात दिवसाची वाढ इतकी थोडी असते की हे सरकणे तिच्यावर मात करते. तीन आठवड्यांत दिवस वाढतो तो सहा-सात मिनिटे. तिळातिळाने हा शब्द पुण्याच्या अक्षांशाला अगदी तोलून वापरलेला आहे.

ट्रॉन्डहाइमला तीळ पुरणार नाहीत. तिथे १४ जानेवारीला दिवस साडेपाच तासांचा झालेला असतो, म्हणजे संक्रांतीपर्यंत एक तास आधीच जमा झालेला असतो. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज साडेसहा मिनिटांच्या आसपास भर पडते, म्हणजे आठवड्याला पाऊण तास. पुण्यात सर्वांत वेगाने दिवस वाढतो तेव्हाही ती वाढ दिवसाला मिनिटभराचीच असते. पौडरस्ता यांनी धीर धरण्यासाठी संक्रांतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

बापूसाहेब_७२
चाळीस वर्षांत संध्याकाळी एकदाही गेलो नाही, हे खरे. उद्यापासून दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवतो.

गौरीची_आई
हा धागा पाहून बरे वाटले. माझी मुलगी फिनलंडमध्ये ओउलूला शिकते आणि संकष्टी करते. गेल्या वर्षी जूनमध्ये रात्री तिने किती वेळ वाट पाहिली, पण चंद्र दिसलाच नाही. आकाश निरभ्र होते असे ती म्हणाली. तिने उपास सोडला नाही आणि दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. तिथे चंद्रोदयाची वेळ कोणती धरावी, हे कुणी सांगेल का?

ध्रुवमत्स्य
ताई, मूळ प्रश्न सूर्याचा असला तरी तुमच्या मुलीचा अनुभव त्याच भूमितीतला आहे. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य उंच असतो तेव्हा तो चंद्र हिवाळ्यातल्या सूर्याच्या खालच्या वाटेने जातो. ओउलूचा अक्षांश ६५ अंश आहे, आणि २०२४-२५ च्या सुमारास चंद्राची क्रांती महिन्यातून एकदा उणे २८ अंशांपर्यंत खाली जात होती. अशा रात्री तिथे चंद्र उगवतच नाही. संकष्टी पौर्णिमेनंतर येत असल्याने नेमक्या त्या रात्री तो किती खाली होता हे तारीख पाहूनच सांगता येईल, पण क्षितिजालगत एखादा तास येऊन गेला असला तरी जूनच्या उजळ रात्रीत झाडांमागे तो दिसणे कठीण आहे. मार्गशीर्ष-पौषातल्या संकष्टीला उलट होईल, चंद्र लवकर उगवून खूप वर चढेल. उपास कोणत्या वेळेला सोडावा हे मात्र माझ्या अधिकारातले नाही.

फ्योर्डकाठी
आमच्याकडची काही कुटुंबे पुण्या-मुंबईचा चंद्रोदय धरतात, काही जण स्थानिक वेळ पाहतात आणि ती नसेल तर रात्री नऊला सोडतात. यावर आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी वाद होतो आणि तो मिटलेला नाही.

बापूसाहेब_७२
परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीने उपाशी राहू नये, एवढे मी वयाच्या अधिकाराने सांगतो.

पौडरस्ता
ध्रुवमत्स्य सर, नवे सूत्र वापरून ४ तास ३० मिनिटे आली, मनःपूर्वक आभार. खोलीविषयी घरमालकांना विचारून मापे मागवली. समोरची इमारत १५ मीटर उंच असून ६० मीटर अंतरावर आहे, आणि माझी खिडकी जमिनीपासून ६ मीटरवर असेल.

ध्रुवमत्स्य
मग हिशोब सोपा आहे. खिडकीपासून पाहता इमारत ९ मीटर वर आणि ६० मीटर दूर, म्हणजे तिचा माथा साडेआठ अंशांवर दिसेल. भर दुपारी सूर्य त्याहून वर यायला हवा. ट्रॉन्डहाइमला दुपारच्या सूर्याची उंची २६.५७ अंश अधिक क्रांती इतकी असते, तेव्हा क्रांती उणे १८ च्या वर असेल तरच ऊन आत येईल. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत ती त्याखाली असते. म्हणजे इमारत रुंद असेल तर अडीच महिने त्या खोलीत थेट ऊन नाही. याच १५ मीटर उंचीच्या इमारतीची सावली २१ डिसेंबरला भर दुपारी पावणेतीनशे मीटर लांब पडते. पुण्यात त्या दिवशी ती साडेतेरा मीटर असते.

पश्चिमेची खिडकीही डिसेंबरात उपयोगाची नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळणे ही आपल्या अक्षांशाची सवय आहे. तिथे २१ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या ३० अंश अलीकडे उगवतो आणि ३० अंश पलीकडे मावळतो, सारा दिवस आकाशाच्या साठ अंशांच्या तुकड्यात संपतो. पश्चिमेच्या भिंतीला मावळताना ओझरता स्पर्श होईल, एवढेच.

माझ्या मते दक्षिणेची खोली घ्यावी, कारण फेब्रुवारीपासून तिला ऊन मिळू लागेल आणि उन्हाळ्यात सूर्य उंच असल्याने ती फार तापणारही नाही.

फ्योर्डकाठी
इथे मी असहमत आहे. दोन्ही खोल्यांत डिसेंबरात ऊन नसेल, तर निदान ज्या खिडकीतून मोकळे आकाश दिसते ती घ्यावी. संधिप्रकाशाचे जे अडीच तास आपण मोजले, ते आकाशातूनच येतात, आणि समोर पाच मजली भिंत असेल तर तेही अर्धे कापले जातात. दुपारी बाराला टेबलावर दिवा लावावा लागतो की नाही, हा फरक मी दोन्ही प्रकारच्या खोल्यांत राहून पाहिला आहे.

मात्र पश्चिमेच्या खोलीची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते, आणि त्याबद्दल नवीन मुलांना कुणी सांगत नाही. माझी झोप हिवाळ्यात बिघडली नव्हती, ती मे महिन्यात बिघडली. जूनच्या शेवटी सूर्य वायव्येच्याही पलीकडे, जवळपास उत्तरेला, रात्री ११:३८ ला मावळतो आणि ३:०२ ला उगवतो. मधल्या जवळजवळ साडेतीन तासांतही तो क्षितिजाखाली ३ अंशांपेक्षा फारसा जास्त जात नाही, त्यामुळे काळोख असा होतच नाही. पहिल्या वर्षी ग्रंथालयातून बाहेर पडले तेव्हा ऊन पाहून सहा-साडेसहा झाले असतील असे वाटले, निवांत बाजार करायला गेले तर दुकान बंद होते. रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. दुपारच्या जेवणानंतर काही खाल्ले नाही, हेही तेव्हाच लक्षात आले. शरीर सूर्याकडे पाहून भूक आणि झोप ठरवते, आणि तो सूर्य काहीच सांगत नाही. उजेड अडवणारे जाड पडदे पहिल्या एप्रिललाच घ्यावेत आणि ते खिडकीच्या चौकटीपेक्षा सर्व बाजूंनी वीतभर मोठे असावेत. फटीतून येणारी एक तिरीप पहाटे तीनला डोळ्यांवर पुरेशी असते.

रात्रपाळी
मग ट्रॉन्डहाइमला मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही का? माझ्या मित्राने तिथला म्हणून फोटो पाठवला होता.

ध्रुवमत्स्य
नाही. आर्क्टिक वृत्त ६६.५६ अंशांवर आहे. मघाच्याच ५० कलांमुळे मध्यरात्रीचा सूर्य त्याच्या नव्वद-एक किलोमीटर दक्षिणेपर्यंत दिसतो, पण ट्रॉन्डहाइम त्याहूनही खाली आहे. मित्राने रात्री साडेअकराचा फोटो पाठवला असेल.

यात एक जुळणी आहे, ती मला फार आवडते. ट्रॉन्डहाइम वृत्ताच्या तीन अंश दक्षिणेला आहे आणि ट्रॉम्सो तीन अंश उत्तरेला. जूनमध्ये ट्रॉम्सोला मध्यरात्री सूर्य जितका वर असतो, नेमका तितकाच वर तो डिसेंबरात ट्रॉन्डहाइमला भर दुपारी असतो. आणि ट्रॉम्सोला डिसेंबरात भर दुपारी तो जितका खाली असतो, तितकाच ट्रॉन्डहाइमला जूनच्या मध्यरात्री. म्हणजे ट्रॉम्सोची सर्वांत काळोखी दुपार आणि ट्रॉन्डहाइमची सर्वांत उजळ मध्यरात्र यांत उजेडाचा फारसा फरक नाही. ध्रुवीय रात्र म्हणजे दोन महिने मिट्ट काळोख, ही समजूत त्यामुळेच चुकीची आहे. ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, परंतु २१ डिसेंबरलाही चार तासांहून अधिक निळसर उजेड असतो.

फ्योर्डकाठी
मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा असेल तर ट्रॉन्डहाइमहून बुडोला जाणारी आगगाडी आहे, सुमारे दहा तासांचा प्रवास आहे आणि वाटेत ती आर्क्टिक वृत्त ओलांडते. बुडोला जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दिसतो. फक्त बाराच्या ठोक्याला फोटो काढून परत फिरू नका. उन्हाळी वेळेमुळे घड्याळ तासभर पुढे केलेले असते आणि बुडो आपल्या वेळेच्या रेखांशाच्या तसे जवळच असल्याने सूर्य सर्वांत खाली येतो तो रात्री एक वाजता.

पौडरस्ता
सर्वांचे आभार. खोलीचे अजून ठरलेले नाही, कारण पश्चिमेची खोली महिन्याला थोडी स्वस्तही आहे आणि वाचलेल्या पैशांत पडदे येतील, असे बाबांचे म्हणणे आहे.

काल हा सगळा हिशोब आईला समजावून सांगत होतो. २१ डिसेंबरला ती पुण्यात सहा वाजता देवापाशी दिवा लावेल तेव्हा माझ्याकडे दुपारचे दीड वाजले असतील आणि सूर्य मावळायला अजून तास बाकी असेल, हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडे तर आमच्यानंतर अंधार पडतो, मग इतके दिवस कसली काळजी करत होतास?" शेवटी कागदावर दोन्ही गावांची सकाळ काढून दाखवावी लागली. तिथे सूर्य उगवेल तेव्हा पुण्यात दुपारचे अडीच वाजलेले असतील आणि तिची जेवणानंतरची झोप झालेली असेल, हे तिला लगेच पटले.

बापूसाहेब_७२
पर्वतीची संध्याकाळची पहिली नोंद वहीत केली. ढग होते.